खुणा मांडणारं सूत्र

‘अबअब’ या शब्दाची लांबी सम आहे का? दोन अवस्थांचं यंत्र, म्हणजे ऑटोमॅटन, हे सहज सांगतं: प्रत्येक अक्षराला ‘विषम’, ‘सम’ अशी अवस्था बदलायची आणि शेवटी ‘सम’वर थांबलो का ते पाहायचं.

आता यंत्राशिवाय, फक्त तर्काच्या भाषेत सांगू. काही स्थानांवर खूण करता येते. पहिल्यावर खूण आहे, शेवटच्यावर नाही, आणि शेजारच्या दोहोंपैकी नेमक्या एकावर आहे. ‘अबअब’मध्ये खुणा १ आणि ३ वर पडतात, अट जुळते. ‘अबअ’मध्ये शेवटच्यावरही खूण येते, म्हणून फसते.

नीट पाहिलं तर या खुणा म्हणजे यंत्राच्या अवस्थांची नोंदच आहे. म्हणून कुठलंही यंत्र सूत्रात उतरतं. उलट दिशेला, ‘अशा खुणा आहेत’ हे यंत्र अंदाजाने खुणा करत तपासतं. अडचण ‘नाही’ या शब्दाची: नकारासाठी अंदाज काढून टाकावे लागतात आणि n अवस्थांच्या २ⁿ होऊ शकतात.

ब्यूखी, एल्गॉट आणि त्राख्तेनब्रोत यांनी १९६० च्या सुमारास स्वतंत्रपणे हे सिद्ध केलं. खुणांच्या संचांऐवजी एकेका स्थानाबद्दलच बोलायची मुभा ठेवली, तर ‘लांबी सम आहे’ एवढंही सांगता येत नाही.