लिव्हर खराब झालं, मग रक्ताची उलटी का होते?

दारू, हिपॅटायटिस बी-सी किंवा फॅटी लिव्हर, कारण कोणतंही असो. लिव्हरला वर्षानुवर्षं इजा होत राहिली की त्यात जखमेच्या व्रणासारखे कडक पट्टे तयार होतात. हाच सिरॉसिस.

आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. कडक लिव्हरमध्ये त्याची वाट अडते आणि शिरेतला दाब वाढतो. मग पाणी पोटात झिरपतं, त्यात किडनीही मीठ आणि पाणी धरून ठेवते. हातपाय बारीक होतायत आणि पँट मात्र कमरेला घट्ट, असं असेल तर 'पोट सुटलंय' म्हणून सोडून देऊ नका.

अडलेलं रक्त आडवाटा शोधतं. त्यातली एक अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असलेल्या बारीक शिरांतून जाते. या शिरा फुगतात, पण दुखत नाहीत, त्यामुळे कळतच नाही. एखादी फुटली की रक्ताची उलटी होते, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी. अशा वेळी ॲसिडिटीची गोळी घेऊन थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. तिथे एंडोस्कोपी करून शिरेला रबरी बँड लावतात. शिरा फुटायच्या आधीच दिसल्या, तर दाब कमी करणाऱ्या गोळ्या देता येतात. म्हणून सिरॉसिसचं निदान झालं असेल, तर 'माझी एंडोस्कोपी कधी करायची?' हे डॉक्टरांना विचारा.