सोलरच्या पाइपाला कोणतं आवरण?

गच्चीवर सोलर बसवताना टाकी किती लिटरची, काचेच्या नळ्या किती, हे सगळे विचारतात. टाकीतून न्हाणीघरात गरम पाणी आणणाऱ्या पाइपावर काय चढवायचं, हे मात्र बहुधा प्लंबरच्या पिशवीत जे असेल त्यावर ठरतं. बाजारात मुख्यतः तीन पर्याय मिळतात: पॉलिथिनचा फोम, ग्लासवूल आणि काळं रबर.

आधी या आवरणाकडून अपेक्षा काय ठेवायची ते पाहू. पुण्यातलं एखादं दुमजली घर घ्या. पाऊण इंची जीआय पाइप, एकूण लांबी 12 मीटर. त्यातला 7 मीटर गच्चीवर उघड्यावर, उरलेला डक्टमधून खाली. एवढ्या पाइपात साधारण चार लिटर पाणी मावतं. थंडीतल्या सकाळी बाहेर 15 अंश आहे आणि पाइपात 60 अंशांचं पाणी आहे. पाइप उघडा असेल तर ते पाणी 20-25 मिनिटांत 40 अंशांवर येतं. 13 मिलिमीटर जाडीचं आवरण असेल तर त्याला तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे एकाची आंघोळ झाल्यावर अर्ध्या तासाने दुसरा गेला, तर त्याला बादलीभर थंड पाणी सोडून द्यावं लागत नाही. रात्रभर मात्र कोणतंही आवरण पाइपातलं पाणी गरम ठेवू शकत नाही. ते काम टाकीचं.

आता गंमत अशी, की कोरडे आणि नवे असताना हे तिन्ही पर्याय उष्णता अडवण्यात जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो गच्चीवर एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर.

फोम सगळ्यात स्वस्त आणि बसवायला सोपा. पण उन्हातली अतिनील किरणं पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडतात. फोम आधी रंग सोडतो, मग कडक होतो आणि शेवटी बोट फिरवलं तरी भुकटी निघते. दुसरी अडचण उष्णतेची. मे महिन्यात घर आठवडाभर बंद राहिलं, की टाकीतलं पाणी 80-90 अंशांवर जाऊ शकतं. टाकीच्या तोंडाशी साधा फोम तेव्हा मऊ पडतो, आकसतो आणि एल्बोपाशी दोन-तीन बोटं पाइप उघडा पडतो.

ग्लासवूलला ना एवढ्या उष्णतेची भीती, ना उन्हाची. काच ती काच. त्याचा शत्रू पाऊस. काचेच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. तिथे पाणी शिरलं की सगळं फसतं, कारण पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने वाहून नेतं. भिजलेल्या गोधडीसारखी त्याची गत होते. शिवाय आतला जीआय पाइप महिनोन्महिने ओला राहून गंजतो आणि वरून काहीच दिसत नाही. आवरणाच्या खालच्या बाजूला तपकिरी ओघळ दिसले, की आत गंज धरलाय हे ओळखावं. म्हणून ग्लासवूलवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच हवंच, आणि पत्र्याचे सांधे असे की वरचा पत्रा खालच्यावर चढेल.

रबराच्या आतले कप्पे बंद असल्याने पाणी सहसा शिरत नाही. पण दुकानात ‘रबर’ म्हणून मिळणारं बहुतेक नायट्रिल असतं. ते साधारण 105 अंश सोसतं, पण उघड्या उन्हात त्यावर बारीक भेगा पडतात. ईपीडीएम जातीचं रबर ऊन आणि उष्णता दोन्ही जास्त सोसतं, अर्थात महागही पडतं. घेताना जात विचारावी. रंगावरून कळत नाही, दोन्ही काळीच असतात.

म्हणून संपूर्ण पाइपाला एकच आवरण लावण्याचा हट्ट नको. आपल्या उदाहरणात डक्टमधल्या पाच मीटरला ऊन-पाऊस लागत नाही. तिथे साधा फोम पुरतो. गच्चीवरच्या सात मीटरला 19 मिलिमीटरचं रबर आणि त्यावर पत्रा किंवा रबरासाठीच मिळणारा उन्हरोधक रंग. नायट्रिलला हे वरचं कवच अनिवार्य. ईपीडीएमवरही पत्रा असलेला बरा, कारण कावळे आणि माकडं मऊ आवरण उचकटतात.

बसवताना पाइप थंड असावा. चिरलेली बाजू खाली ठेवावी. रबराच्या दोन्ही कडांना चिकटद्रव्य लावून ते बोटाला लागेनासं झालं की मगच कडा दाबाव्यात. नळी ओढून-ताणून पुरवू नये, किंचित लांबच कापावी. ताणलेलं रबर पुढे आखडतं आणि सांधे उघडतात. टाकीवरच्या हवेच्या पाइपाचं तोंड मात्र कधीही बंद करू नये.

पाहणी वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दसऱ्याच्या सुमारास. गरम पाणी चालू असताना आवरणावरून हात फिरवत जावं. जिथे चटका बसेल तिथे सांधा सुटलाय किंवा आत ओल आहे; तेवढाच तुकडा बदलला तरी भागतं.