काळ्या आभाळावर हिरवा पडदा

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून किंवा आइसलँडहून आलेला अरोराचा फोटो नीट पाहिला, तर हिरव्या पडद्याच्या आरपार तारे दिसतात. सुमारे शंभर किलोमीटर आणि त्याहून उंचावर असलेल्या विरळ हवेत वेगवान इलेक्ट्रॉन घुसतात, तिथले ऑक्सिजन आणि नायट्रोजन उजळतात आणि हा उजेड ताऱ्यांच्या उजेडात मिसळतो. अंधाऱ्या आभाळाच्या साध्या फोटोवर संगणकात असा पडदा चढवायचा असेल, तर पहिली अट हीच: ताऱ्यांवर रंग फासायचा नाही, त्यांच्या उजेडात उजेड मिळवायचा.

हे काम स्क्रीन नावाचा ब्लेंडिंग मोड करतो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणि फोटोशॉपमध्येही लेयरच्या यादीत तो `Screen` या नावाने असतो. त्याचा हिशेब असा:

```
255 − (255 − a) × (255 − b) / 255
```

यात a म्हणजे खालच्या फोटोतल्या ठिपक्याची उजळी, b म्हणजे वरच्या लेयरची. समजा, आभाळाची उजळी 20 आहे, ताऱ्याची 240 आणि पडद्याची 120. स्क्रीनमध्ये आभाळ 131 होते, तारा 247 वर जातो, तारा टिकतो. नेहमीच्या `Normal` मोडमध्ये दोन्ही ठिकाणी नुसते 120 उरले असते आणि तारा गायब झाला असता. मात्र 50 उजळीचा एखादा मंद तारा स्क्रीनमध्येही 146 वर अडकतो, म्हणजे आजूबाजूच्या आभाळापेक्षा जेमतेम उजळ. खऱ्या अरोरातही मंद तारे असेच बुडतात, त्यामुळे इथे तक्रारीला जागा नाही. काळ्या रंगाचा स्क्रीनवर काहीच परिणाम होत नाही, हा आणखी एक फायदा. काळा लेयर घ्यावा आणि त्यावर निर्धास्त रंगवावे.

खरी अडचण आकाराची. नवशिका बहुधा लासोने नागमोडी पट्टा आखतो आणि त्यात खालून वर हिरवा ग्रेडियंट भरतो. पट्ट्याची कड वळणदार असते, पण ग्रेडियंट सरळ रेषेतच फिका होत जातो. कडेचा उंच गेलेला भाग मंद पडतो, खाली उतरलेला भाग भडक होतो आणि सगळे हिरव्या कागदातून कापल्यासारखे दिसते. खऱ्या पडद्याची तळाची कड सर्व वळणांवर सारखीच स्पष्ट असते आणि उजेड प्रत्येक जागी तिथूनच वर विरत जातो.

म्हणून अनुभवी मंडळी पट्टा न आखता एकच ओळ काढतात. समजा, फोटो 3000 ठिपके रुंद आहे. काळ्या लेयरवर 20 ठिपक्यांच्या मऊ ब्रशने पांढरट नागमोडी रेघ ओढायची. हात कुठे दाबून, कुठे हलका ठेवायचा, मध्येच रेघ तोडायची. मग या लेयरच्या तीन प्रती करून मूळ लेयर लपवायचा. प्रत्येक प्रतीवर `Linear Motion Blur` लावायचा, कोन 90 अंश, म्हणजे उभा. पहिल्या प्रतीला लांबी 100, दुसरीला 300, तिसरीला 700. हा ब्लर रेघेच्या वर आणि खाली सारखाच पसरतो, पण अरोरा खाली पसरत नाही. तेव्हा प्रत्येक प्रत तिच्या लांबीच्या निम्म्याने वर सरकवायची: 50, 150 आणि 350 ठिपके. आता तिघींचे तळ एकाच नागमोडी कडेवर येतात. तिन्ही लेयर स्क्रीनवर टाकले की तळाशी तिघींचा उजेड साठतो, वर दोघींचा, त्याहून वर एकीचाच. सर्वांत लांब प्रतीचा माथा एकदम तुटल्यासारखा दिसतो. तिच्या लेयर मास्कवर खाली पांढरा, वर काळा असा ग्रेडियंट ओढला की तोही विरघळतो. सरळ ग्रेडियंटची खरी जागा इथे आहे.

उभ्या ब्लरची एक गंमत आहे. ब्रशच्या कमीजास्त दाबामुळे पडद्यात आपोआप उभे किरण उमटतात आणि रेघ जिथे वळून जवळजवळ उभी होते तिथे उजेड दाटतो. निसर्गातही पडद्याच्या घडीपाशी असेच घडते, कारण तिथे नजर उजळलेल्या हवेच्या जास्त जाडीतून जाते.

आता रंग. ऑक्सिजनचा हिरवा उजेड साधारण 100 ते 150 किलोमीटरवर सर्वाधिक असतो, तर लाल 200 किलोमीटरच्या वर. लाल उजेड सोडायला ऑक्सिजनच्या अणूला दीड-दोन मिनिटांची उसंत लागते. खालच्या दाट हवेत तेवढ्यात दुसरा कुणी येऊन धडकतो आणि त्याची ऊर्जा काढून घेतो. म्हणून 100 आणि 300 च्या प्रती हिरव्या करायच्या, 700 ची मंद किरमिजी. तळाशी नायट्रोजनची गुलाबी किनार हवी असेल, तर 40 लांबीची चौथी प्रत पुरते. ती मात्र जपून, कारण एवढ्याशा गुलाबीने चित्र लगेच मिठाईच्या दुकानासारखे होते.

एक संकट इथे हमखास येते. 20 ठिपक्यांच्या रेघेतला उजेड 700 ठिपक्यांवर, म्हणजे पस्तीस पट पसरल्यावर फारच फिका पडतो. तो `Levels` ने वर खेचला की आभाळात पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागतात. आठ बिटांच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. फिक्या भागाच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात आणि ताणल्यावर त्या उघड्या पडतात. ब्लर करण्याआधीच गिंपमधल्या `Precision` च्या यादीतून चित्र 16 बिटांचे करून घ्यावे. उरलेसुरले पट्टे अगदी थोड्या दाण्याने, म्हणजे नॉइजने, मोडतात. शेवटी हिरव्या प्रतीची आणखी एक नक्कल करून तिला 80 ठिपक्यांचा `Gaussian Blur` द्यावा आणि ती तीसेक टक्के अपारदर्शकतेने वर ठेवावी. भोवतालच्या हवेत झिरपलेला उजेड त्यातून येतो.

डोंगर विसरून चालत नाही. तो काळा असतो आणि स्क्रीनचा उजेड काळ्यावरच सर्वांत जास्त चढतो, त्यामुळे मास्क लावला नाही तर पडदा डोंगराच्या पुढे लोंबकळतो. उलट तळे किंवा बर्फ असेल तर तिथे हिरवी छटा यायलाच हवी. पाण्यासाठी पडदा उलटा करून, मंद करून, थोडा जास्त ब्लर करून ठेवतात. कित्येक बनावट फोटो याच जागी पकडले जातात: वर हिरवा वणवा आणि खाली बर्फ मात्र निळाशार.

दुसरी चोरी आभाळाच्या भूगोलात सापडते. सह्याद्रीतून टिपलेल्या आकाशगंगेच्या झगमगत्या गाभ्यावर हिरवा पडदा चढवला, तर जाणकार लगेच हसतो. आकाशगंगेचे केंद्र दक्षिणेकडे इतके खाली आहे की ट्रॉम्सोच्या क्षितिजावर ते कधी उगवतच नाही. तेव्हा अशा चित्रासाठी आधाराचा फोटो उत्तरेकडे तोंड करून घेतलेला असावा आणि प्रसिद्ध करताना ते रचलेले आहे हे सांगावे.

भारतातले आभाळच हवे असेल, तर पडद्याचा नाद सोडून मे 2024 चा लडाख डोळ्यांपुढे ठेवावा. 10 मेच्या रात्री मोठे सौर वादळ पृथ्वीवर आदळले आणि हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळची लाली टिपली. हिरवा थर पृथ्वीच्या गोलाईआड राहिला. फार उंचावरचा लाल भागच इतक्या दुरून डोकावला. हे रचायला ब्रशची रेघ लागतच नाही. उत्तर क्षितिजावर गडद लाल, वर काळा असा एक ग्रेडियंट, त्याला दोनशे ठिपक्यांचा `Gaussian Blur`, मोड स्क्रीन, डोंगरावर मास्क. किरण नाहीत, घड्या नाहीत, आणि हिरवा तर औषधालाही नाही.