दुप्पट डाव, शून्य वाढ

खोटं नाणं, तेही आपल्या बाजूचं, आणि तसं आधीच सांगून ठेवलेलं. व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्यूई यांनी 61 जणांना अशा नाण्यासमोर बसवलं आणि 2016 मध्ये त्याचे निकाल मांडले. खेळणारे बहुतेक वित्तशास्त्राचे विद्यार्थी, नाहीतर त्याच क्षेत्रात नुकतेच नोकरीला लागलेले. प्रत्येकाला 25 डॉलर आणि अर्धा तास वेळ. पडद्यावरचं नाणं शंभरात साठ वेळा छापा दाखवणार होतं. डाव हवा तेवढा लावा. जिंकलात तर तेवढेच वर मिळतील, हरलात तर लावलेले जातील. शेवटी उरेल ते तुमचं, फक्त 250 डॉलरच्या वर मिळणार नाही.

त्यातल्या 28 टक्के लोकांनी सगळे पैसे घालवले. कमाल रकमेपर्यंत पोचले ते जेमतेम 21 टक्के. 18 जणांनी कधी ना कधी होता नव्हता तेवढा पैसा एकाच फेकीवर लावला. हघानी हे लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाच्या मूळ भागीदारांपैकी एक. नोबेलविजेते पदरी बाळगणारा हा फंड 1998 मध्ये डोईजड डावांखालीच कोसळला होता. हा प्रयोग त्यांनाच सुचावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्या 61 जणांना नाणं कसं आहे ते ठाऊक होतं. अडलं ते डाव किती लावायचा इथे. याचं उत्तर 1956 पासून छापील आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले जॉन केली टेलिफोनच्या तारेतून किती माहिती जाते, यावर काम करत होते. त्यांनी एक जुगारी कल्पिला. त्याला शर्यतीचे निकाल खाजगी तारेवरून आधीच कळतात, पण तारेत खरखर असल्यामुळे बातमी अधूनमधून चुकते. अशा माणसाने आपल्या पैशातला किती हिस्सा लावावा, म्हणजे दीर्घकाळात पैसा सर्वांत वेगाने वाढेल? समान पैजेसाठी उत्तर अगदी सोपं निघतं: जिंकण्याची शक्यता वजा हरण्याची शक्यता. साठ वजा चाळीस, म्हणजे वीस टक्के. दर फेकीला हातात असेल त्याचा पाचवा हिस्सा लावायचा. पैसा वाढला की डाव वाढतो, घटला की डावही घटतो.

या वीस टक्क्यांना जुगारी आणि शेअरबाजारवाले ‘एज’ म्हणतात. शब्द रुळलेला आहे, म्हणून मीही तोच वापरतो.

सूत्र खरं कसं वागतं ते पाहायला मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. साठ टक्क्यांचं नाणं जगात कुणी देत नाही, म्हणून पंचावन्नचं घेतलं. इथे एज दहा टक्के, म्हणजे डावही दहा टक्के. दहा हजार रुपयांनी सुरुवात केली आणि शंभर फेकींत बरोबर 55 जिंकल्या, 45 हरल्या असं धरलं. नशिबाने हात दिला नाही आणि दगाही दिला नाही. जिंकणं-हरणं कोणत्या क्रमाने आलं याने शेवटच्या आकड्यात फरक पडत नाही. सगळा गुणाकारच आहे.

दहा टक्के डावाने दहा हजारांचे साडेसोळा हजार झाले. मग मी डाव दुप्पट केला, वीस टक्के. नाणं तेच, जिंकलेल्या फेकी त्याच 55. हाती उरले 9,863. शंभर फेकींपैकी दहा जास्त जिंकूनही पदरचे 137 रुपये गेले. तीस टक्के लावले तर दोन हजारसुद्धा उरत नाहीत.

कारण गुणाकारातच दडलेलं आहे. दहा हजारांवर वीस टक्के जिंकले की बारा हजार होतात. पुढच्या फेकीला त्या बारा हजारांचे वीस टक्के गेले की उरतात 9,600. एक जीत आणि एक हार, हिशेब बरोबरीचा, तरी 400 रुपये गायब. डाव दहा टक्क्यांचा असता तर हीच गळती 100 रुपयांची असती. म्हणजे डाव दुप्पट केला की एजपासून मिळणारी कमाई दुप्पट होते, पण गळती चौपट होते. केलीच्या आकड्याला कमाई आणि गळती यांतलं अंतर सर्वांत जास्त असतं. त्याच्या दुपटीला दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात.

आता उलट बाजू. डाव निम्मा केला, पाच टक्के. शेवटी मिळाले 14,554. पंधरा टक्के लावून पाहिले, तर 14,529. दोन्हीकडे वाढीचा वेग केलीच्या तीन चतुर्थांश. म्हणजे केलीपासून थोडं खाली घसरा की तेवढंच वर चढा, वाढ सारखीच बुडते. मग सावध लोक नेहमी खालीच का राहतात?

एक कारण झोपेचं आहे. वाढ तीच असली, तरी पंधरा टक्केवाल्याच्या रकमेचे हेलकावे पाचवाल्याच्या तिप्पट असतात. पूर्ण केलीने खेळणाऱ्याचे पैसे सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता, दीर्घकाळ खेळत राहिल्यास, साधारण दोनात एक असते. लोकांना हे कळतं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. ‘हाफ केली’, म्हणजे सूत्राच्या निम्मा डाव लावणाऱ्याला हीच शक्यता आठात एक. चौथाई वाढ सोडून एवढं मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आतापर्यंत आपण 55 हा आकडा देवाने सांगितल्यासारखा धरला. प्रत्यक्षात तो आपणच काढलेला असतो. समजा, एकाने वहीत 400 पैजा लिहून ठेवल्यात आणि त्यातल्या 220 जिंकल्यात. बरोबर 55 टक्के. पण ज्याचं खरं प्रमाण साडेबावन्नच आहे, त्यालाही निव्वळ नशिबाने 400 मध्ये 220 किंवा जास्त विजय साधारण सहात एकदा मिळतात. चारशे नोंदी ठेवणं म्हणजे काही महिन्यांची चिकाटी, आणि तरीही वही ही दोन माणसं वेगळी ओळखू शकत नाही.

साडेबावन्नवाल्याचा खरा एज पाच टक्के. वहीवर भरवसा ठेवून तो दहा टक्के लावतो, म्हणजे त्याच्या खऱ्या केलीच्या नेमकं दुप्पट. अशा 200 पैजांत 105 जिंकून दहा हजारांचे होतात 9,983. अडीच टक्क्यांचा अंदाज चुकला आणि सगळा खेळ वाया गेला. हाच माणूस पाच टक्के लावत असता तर 12,842 झाले असते. त्याची हाफ केली त्याच्या नकळत खरी केली ठरली असती.

यावर कुणी म्हणेल, अंदाज कमीकडेही चुकू शकतो. चुकतो, पण कमी चुकलेल्या अंदाजावर आपण पैसे लावतच नाही. घोड्यांच्या शर्यतीत हे फार स्वच्छ दिसतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टोटच्या खिडकीशी उभे राहिलेल्यांना तिथला हिशेब सांगायला नको: सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून आयोजकांचा हिस्सा आणि कर कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. भाव लोकच ठरवतात. 1980च्या दशकात बिल बेंटर आणि अ‍ॅलन वुड्स हे दोघे हाँगकाँगला गेले आणि घोड्यांच्या नोंदी संगणकात भरून प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता काढू लागले. आपली शक्यता लोकांच्या शक्यतेपेक्षा जास्त निघाली की पैसे लावायचे.

गोम इथेच आहे. एका शर्यतीत दहा घोडे धरा. दहाही अंदाज थोडे थोडे चुकणार, काही वर, काही खाली. खाली चुकलेल्या घोड्यांकडे आपण बघतही नाही. पैसे लागतात ते वर चुकलेल्यांवर. म्हणजे आपली गाळणी एज निवडते आणि त्याबरोबर आपल्याच चुकाही वेचून घेते. शिवाय लोकांना तबेल्यातलं जे कळलेलं असतं, ते संगणकाला कळलेलं नसतं. बेंटरने 1994 मध्ये आपली पद्धत छापून सांगितली, त्यात हे आकड्यांनिशी होतं: मॉडेल एखाद्या घोड्याला लोकांहून बराच वर धरतं, तेव्हा खरं प्रमाण दोघांच्या मधे कुठेतरी निघतं.

एक घोडा घेऊ. त्याचा भाव रुपयाला पाच रुपये, म्हणजे निव्वळ नफा चार. शंभरातले साडेसतरा कापले जातात असं धरलं, तर या भावातून लोकांचं मत निघतं साडेसोळा टक्के. मॉडेल म्हणतं चोवीस. नफा चारपट असल्यामुळे सूत्राला थोडं वळण द्यावं लागतं: जिंकण्याची शक्यता, वजा हरण्याची शक्यता भागिले चार. चोवीस वजा एकोणीस, म्हणजे पाच टक्के. खात्यात एक लाख डॉलर असतील तर या घोड्यावर पाच हजार.

आता खरं उत्तर दोघांच्या बरोबर मधे आहे असं समजू, सव्वावीस टक्के. हरण्याची शक्यता पावणेऐंशी, तिचा चौथा हिस्सा जवळजवळ वीस. वजाबाकी उरते 0.31 टक्के. पाच हजारांच्या जागी 310 डॉलर, सोळापट फरक. मॉडेल पावणेचार टक्के चुकलं, पण एज म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधली बारीक फट असते. फट थोडी इकडे सरकली की डाव कुठल्या कुठे जातो.

इथे हाफ केलीचीही मर्यादा दिसते. अडीच हजार लावणारा स्वतःला सावध समजेल, पण तोही खऱ्या केलीच्या आठपट लावतो आहे. निम्मं करणं हा भोंगळ उपाय आहे; सगळ्या डावांना एकाच कात्रीने छाटतो, मग अंदाज पक्का असो की कच्चा. बेंटरने क्रम बदलला. आधी आपली शक्यता आणि लोकांची शक्यता यांची सांगड घातली, कुणाला किती वजन द्यायचं ते जुन्या शर्यतींच्या निकालांवरून ठरवलं, आणि जी शक्यता आली ती सूत्रात घातली. तेवढं करूनही सल्ला दिला तो पूर्ण केलीचा नव्हे, तिच्या हिश्श्याचाच.

आणि त्या 310 डॉलरचंही काही खरं नाही. टोटमध्ये आपण लावलेला पैसासुद्धा भाव खाली ओढतो, आणि बरेच पैसे शेवटच्या मिनिटाला येतात. सव्वावीस टक्क्यांच्या घोड्याला 4.94च्या भावात एज संपतो. फाटकं उघडता उघडता फलकावर पाचचे 4.90 झाले, तर सूत्राचं उत्तर शून्याच्याही खाली जातं, आणि पैसे तर खिडकीत देऊन झालेले असतात.