केस बदलायचे, चेहरा नाही: डिनॉइझिंग स्ट्रेंग्थचं गणित

कमरेपर्यंतच्या केसांचा फोटो स्टेबल डिफ्यूजनमध्ये टाकून खांद्यापर्यंतचा बॉब मागितला, तर 0.3 स्ट्रेंग्थवर केसांचा पोत बदलतो, लांबी तशीच राहते. 0.7 ला बॉब येतो, पण चेहरा दुसऱ्याच बाईचा होतो. कारण हा आकडा मूळ चित्रावर किती नॉइज चढवायचा ते ठरवतो: 20 स्टेप्सपैकी 0.3 ला शेवटच्या 6 चालतात, 0.7 ला 14. केसांची बाह्यरेषा सुरुवातीच्या, दाट नॉइजच्या स्टेप्समध्ये ठरते. ओळख मात्र डोळ्यांमधलं अंतर, पापणीची घडी अशा बारकाव्यांत असते आणि आकडा वाढवत गेलं की ते बाह्यरेषेच्या आधीच पुसले जातात. म्हणून संपूर्ण फोटोसाठी एकच सुवर्णमध्य शोधणं मला व्यर्थ वाटतं.

प्रॉम्प्ट अधिक नेमका लिहिला तर? शब्दांनी दिशा मिळते, पण 0.3 ला लांब केसांचा आकार नॉइजखाली टिकून असतो. खरा उपाय इनपेंटिंगचा: केसांवर मास्क, आत 0.8, चेहरा बाहेर. यात कपाळावर सांधा दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी मास्कची कड धूसर ठेवावी; शिवाय केस हटल्यावर उघडी पडणारी मान, खांदेही मास्कमध्ये घ्यावेत.