फोटोत दिसलेली गोळी

बाबांची रक्तदाबाची गोळी संपली. आईने दुकानातून नवी आणली आणि साताऱ्याहून व्हॉट्सॲपवर तिचा फोटो मुंबईच्या लेकीला पाठवला. नाव तेच, पुढचा ४० हा आकडाही तोच. अशा वेळी बहुतेक घरांत ‘बरोबर आहे’ म्हणून फोन बाजूला ठेवला जातो. पण नावाच्या टोकाला ‘एएम’ होतं की ‘एच’, हे पाहायचं राहून जातं.

या अक्षराने औषधच बदलतं. अनेक ब्रँडांत ‘एएम’ म्हणजे टेल्मिसार्टनसोबत ॲम्लोडिपिन, तर ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. हे दुसरं लघवी वाढवणारं औषध असून वयस्कर माणसाच्या रक्तातलं सोडियम त्याने घटू शकतं. मात्र अक्षरांचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा असेलच असं नाही. म्हणून ब्रँडच्या नावावर न थांबता बारीक अक्षरांतला घटकांचा मजकूर वाचावा. तिथे प्रत्येक गोळीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम असं लिहिलेलं असेल आणि चिठ्ठीवर ॲम्लोडिपिन ५ असेल, तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना किंवा दुकानातल्या फार्मासिस्टला फोन करावा. ॲम्लोडिपिनच्या ओळीत ‘बेसिलेट’ हा शब्द दिसला तर गोंधळू नये. ते त्याचं क्षाररूप. डोस ठरतो तो ‘ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमइतकं’ या अर्थाच्या पुढच्या शब्दांवरून.

फोटोची खरी अडचण म्हणजे चकाकणारी चांदी. फ्लॅशच्या झोतात १२.५ मधला टिंब पुसला जातो, ३ चा ८ होतो. फ्लॅश बंद करून स्ट्रिप खिडकीशी जरा तिरपी धरली की शाईविना ठसवलेला बॅच नंबरही सावलीमुळे उठून दिसतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर बारीक अक्षरं फुटत नाहीत. आकड्याबद्दल जराही शंका असेल तर अंदाज न बांधता दुसरा फोटो मागवावा.

बॅच आणि एक्सपायरी बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला असतात. गोळ्या त्याच बाजूने कापत गेलं की दोन्ही कचऱ्यात जातात, म्हणून सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. खोका हाताशी असला तरी त्यावर लगेच विसंबू नये. जुन्या खोक्यात नवी स्ट्रिप ठेवायची सवय घरोघरी असते. दोन्हींवरचा बॅच नंबर जुळला, तरच खोक्यावरची तारीख त्या स्ट्रिपची. उत्पादनाची आणि संपण्याची तारीख शेजारी छापलेल्या असतात, त्यामुळे अर्धवट फोटोत एकीच्या जागी दुसरी वाचली जाते. एक्सपायरी ०८/२०२७ असेल, तर औषध ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत चालतं.

ती मुदत गृहीत धरते की औषध सांगितल्याप्रमाणे ठेवलं आहे. ओलाव्यापासून जपा, ३० अंशांच्या वर ठेवू नका, या सूचना टेल्मिसार्टनला विशेष लागू पडतात, कारण ती गोळी हवेतला ओलावा चटकन शोषते. आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरून ठेवणाऱ्या घरांनी ही एक गोळी तरी चांदीतच राहू द्यावी आणि घ्यायच्या वेळीच फोडावी.