पैठणीचा फोटो मागवताना

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाचा छापील कॅटलॉग करायचा होता. साड्या छत्तीस. फोटोग्राफर बाहेरचा, कामापुरता बोलावलेला. मजकूर आणि मांडणी माझ्याकडे. त्याला पत्रही मीच पाठवलं: तारीख, पत्ता, साड्यांची संख्या, मानधन आणि शेवटी एक ओळ, ‘फोटो आकर्षक आणि पारंपरिक वाटावेत.’ मुलगा लग्नाच्या फोटोंत मुरलेला. त्याने झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, समई लावली, खिडकीतून येणारं संध्याकाळचं कलतं ऊन पदरावर घेतलं आणि खरोखरच आकर्षक फोटो दिले. कॅटलॉग गावोगावी गेला आणि महिन्याभरात तीन साड्या परत आल्या. तिन्ही गिऱ्हाइकांची तक्रार एकच: फोटोतला रंग हा नव्हे.

दोष त्याचा नव्हता. आकर्षक मागितलं, आकर्षक मिळालं. साडी जशी आहे तशी दिसावी, हे मी लिहिलंच नव्हतं, कारण ते लिहावं लागतं हेच मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षीचं पत्र चार पानांचं झालं.

त्यातलं सगळ्यात मोठं कलम रंगाचं. परत आलेल्या तिघींपैकी एक मोरपंखी होती. मोरपंखी हा पैठणीत एक रंग नसतोच. उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्या. इथे निळा आणि हिरवा. साडी हातात धरून जरा तिरकी केली की कधी निळा वर येतो, कधी हिरवा. यालाच धूपछाव म्हणतात आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्यासाठीच. कॅमेरा मात्र एका जागी उभा राहून एकदाच पाहतो. आमच्या फोटोत नेमका हिरवा वर आला होता, त्यामुळे बाईंनी हिरवी साडी म्हणून मागवली आणि पेटीतून निघाली ती त्यांच्या घरच्या उजेडात निळी. म्हणून नव्या पत्रात लिहिलं: ‘सोबतच्या यादीत ज्या साड्यांपुढे “धू” आहे, त्यांच्या अंगाचे दोन फोटो हवेत. एक सपाट पसरून, दुसरा निऱ्यांसारख्या सैल चुण्या पाडून. चुणीच्या एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा दिसला, तर फोटो बरोबर आला असं समजावं.’

दुसरी परत आलेली साडी राणी रंगाची. तिला मावळतीच्या उन्हाने टोमॅटोसारखी लाल करून टाकली होती, आणि भर म्हणून दुकानातला ट्यूबलाइटही चालू होता. नुसतं ऊन असतं किंवा नुसती ट्यूब असती, तर संगणकावर रंग बऱ्यापैकी जागेवर आणता येतो. दोन्ही एकत्र आले की साडीची एक बाजू पिवळट आणि दुसरी थंड निळसर होते. एक सावरायला जावं तर दुसरी बिघडते. त्यावर तीन वाक्यं लिहिली. दुकानातले सगळे दिवे बंद करावेत, खिडकीला जाड पडदा लावावा आणि उजेड फक्त आपल्या दिव्यांचा असावा. प्रत्येक साडीची पहिली फ्रेम रंगपट्टी शेजारी ठेवून घ्यावी. (रंगपट्टी म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकोनांचं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावरच्या करड्या चौकोनाशी जुळवून त्या साडीचे बाकीचे फोटो दुरुस्त करता येतात.) तिसरं वाक्य असं की रंग पक्का करताना खरी साडी पडद्याशेजारी धरून बघावं, आठवणीवर जाऊ नये.

एवढं करूनही राणी कागदावर थोडी मरतेच. छपाईच्या चार शाईंत तो झगमगता गुलाबी पुरता बसत नाही, जांभळ्याचंही तसंच. त्यामुळे फोटोग्राफरने फाइल स्वतःच छपाईच्या रंगांत बदलून पाठवू नये, असं लिहिलं. ते काम छापखान्याने आपल्या कागदानुसार आणि शाईनुसार करायचं असतं. आधीच बदलून आलेल्या फाइलमधून गेलेला रंग परत आणता येत नाही.

जर हा दुसरा त्रास. जरीचा काठ म्हणजे बारीक आरशांची रांग असते. समोर जे असेल ते ती दाखवते. कॅमेऱ्यामागे काळोख असला तर काठ काळपट तपकिरी येतो, आणि समोरून उघडा फ्लॅश मारला तर पांढरा फटक डाग पडून नारळी काठाची नारळं पुसली जातात. पहिल्या कॅटलॉगमध्ये आमचे दोन्ही प्रकार होते. यावर चकाकी पूर्ण घालवणं हा उपाय नव्हे; जरीची चकाकी गेली की ती सुतळीसारखी दिसते. चकाकी ठेवायची, पण पसरवून. म्हणून पत्रात लिहिलं: एका बाजूने मोठा, पांढऱ्या कापडातून गाळलेला दिवा आणि समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा. जरीत मग तो पांढरा पत्रा उमटतो आणि सोनं सोनं दिसतं. पदराच्या जवळच्या फोटोसाठी दिवा जरा खाली, कापडाला घासून जाईल असा धरायला सांगितला, म्हणजे वीण उठून दिसते.

कोनांबद्दल फार लिहिलं नाही. साडी जमिनीवर पसरायची, कॅमेरा बरोबर वरून, कापडाला समांतर. जरा जरी कलला तरी दोन्ही काठ वर जाऊन एकमेकांकडे झुकतात आणि साडी पाचराच्या आकाराची दिसते. जवळून रुंद लेन्सने काढलं तर कडा फुगतात, तेव्हा शिडी घेऊन लांबून काढावं. आणखी एक बारकावा: रेशमाची वीण इतकी बारीक असते की कॅमेऱ्याच्या ठिपक्यांच्या जाळीशी तिची गाठ पडून फोटोत इंद्रधनुषी लाटा उठतात. कॅमेऱ्यामागच्या चिमुकल्या पडद्यावर त्या कधी दिसत नाहीत, कधी नसतानाही दिसतात. तेव्हा प्रत्येक साडीचा एक फोटो जागच्या जागी पूर्ण मोठा करून बघावा, आणि लाटा दिसल्या तर कॅमेरा हातभर पुढेमागे करावा. नंतर त्या काढत बसणं म्हणजे तांदळातले खडे अंधारात वेचणं.

आता कुठले फोटो हवेत. पहिल्या खेपेला मी हे त्याच्यावर सोडलं होतं, आणि छत्तीसपैकी अकरा साड्यांच्या पदराचा टोकापर्यंतचा फोटोच नव्हता. या वेळी दुकानात फोन घेणाऱ्या ताईंना विचारलं, गिऱ्हाईक काय काय विचारतं? त्यांनी बोटांवर मोजलं: पदर केवढा, काठ केवढा, अंगावर बुट्टी कशी, ब्लाउजपीस कुठल्या रंगाचं, आणि ‘हातमागाचीच ना हो?’ पाच प्रश्न, म्हणून साडीमागे पाच फोटो, धूपछावला सहा. काठाच्या फोटोत कडेला कापडी मोजपट्टी ठेवायला सांगितली, म्हणजे रुंदीचा वाद उरत नाही.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर साडीच्या उलट्या बाजूला असतं. हातमागावर पदरातला मोर किंवा मुनिया विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. तो रंग आपल्या जागेपुरता जातो, शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो. त्यामुळे मोर मागूनही जवळपास तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत रंगीत धागे मागच्या बाजूने लोंबत एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत जातात किंवा कापलेले असतात. पत्रातलं हे वाक्य तसंच देते: ‘पदराचा कोपरा तळहाताएवढा उलटा दुमडावा. सुलटा मोर आणि उलटा मोर एकाच फोटोत, एकाच उजेडात, दोन्ही धारदार हवेत.’ फोटोग्राफरने यावर विचारलं होतं, मागची बाजू कशाला? उत्तर म्हणून दुकानात त्याच्या हातात एक हातमागाची आणि एक यंत्रमागाची दिली. पुढे त्या फोटोवर त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला.

मांडणीच्या वस्तूंची यादी बहुतेक नकाराची झाली. झेंडू नको, कुंकू नको, तेलाचा दिवा नको. रेशमावर पडलेला डाग साडीसकट कॅटलॉगमधून जातो. टाचण्या नकोत, भोक राहतं. साडी ताणायची तर काठाखाली कापडात गुंडाळलेली वजनं ठेवावीत. पार्श्वभूमीला लाल गालिचा नको, कारण त्याचा लाल मोतिया रंगाच्या साडीवर चढतो. त्याऐवजी फिकट करडा कागद. हातात अंगठी-कडं नको, जर अडकते. हवं ते एवढंच: एक शिसवी पाट, एक पितळी डबा आणि मुखपृष्ठाच्या एका फोटोसाठी नथ. आदल्या दिवशी साड्या सुती कापड वर घालून मंद इस्त्री करून ठेवणं ही जबाबदारी दुकानाची, हेही लिहिलं. नाहीतर घड्यांच्या रेघा काढण्यात सकाळ जाते. एका साडीला उलगडणं, मांडणं, फोटो आणि पुन्हा घडी धरून साधारण चाळीस मिनिटं लागतात, म्हणून दिवसाला बाराच साड्या, तीन दिवस.

फाइलींचं कलम मी सगळ्यात जास्त वेळा बदललं. आधी नुसतं ‘३०० डीपीआय’ लिहायची. त्याला एकट्याने अर्थ नाही. मोबाइलवरच्या टिकलीएवढ्या फोटोवरही तो आकडा लिहिता येतो. हवेत ते पिक्सेल. आमचं पान ए४, म्हणजे पानभर फोटोला ३०० च्या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, शिवाय कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचे. आता लिहिते: लांब बाजू किमान ५००० पिक्सेल, आणि चौकट घट्ट कापू नये, साडीभोवती मोकळी जागा ठेवावी. छपाईसाठी टिफ, Adobe RGB मध्ये. वेबसाइटसाठी त्याच फोटोची जेपेग, sRGB मध्ये, लांब बाजू २००० पिक्सेल. उलटसुलट झालं तर Adobe RGB मधली फाइल कित्येक फोनवर मळकट दिसते आणि गिऱ्हाईक म्हणतं रंग उडालाय. फोटो नेहमीसारखे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत, तिथे ते बारीक होतात; हार्ड डिस्क किंवा ड्राइव्हची लिंक द्यावी.

फाइलीचं नावही ठरवून दिलं. Y17_padar_1.tif म्हणजे सतरा नंबरच्या साडीचा पदर, आणि साडीला बांधलेल्या चिठ्ठीवरही तोच नंबर. आधीच्या वर्षी IMG_ ने सुरू होणारे चारशेच्या वर फोटो आले होते, आणि दोन जांभळ्या साड्यांपैकी कुठला पदर कुणाचा हे ठरवायला आम्हाला साड्या पुन्हा उलगडाव्या लागल्या.

शेवटचा परिच्छेद हक्कांचा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक काम सांगणारा असतो, असं आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो, पण वेगळा करार नसेल तरच. रॉ फाइल द्यायच्या की नाही आणि फोटोग्राफरने ते फोटो आपल्या नमुन्यांत दाखवावेत का, हे पत्रातच मिटवलेलं बरं. आमच्यात ठरलं: रॉ दुकानाला, नमुन्यांत दाखवायला हरकत नाही, फक्त कॅटलॉग बाहेर पडल्यावर.

पत्र गेलं त्या रात्री त्याचा फोन आला. ‘ताई, सगळं समजलं. फक्त एक लिहायचं राहिलंय. दुकान चालू असताना दिवे बंद करायला मालकांना कोण सांगणार?’ मी सातवं कलम वाढवलं: फोटो सोमवार ते बुधवार, मागच्या खोलीत, आणि त्या खोलीच्या दिव्याचं बटण फोटोग्राफरच्या ताब्यात.